कोकणातला सप्टेंबर रिव्ह्यूमध्ये कसा वाचायचा

>> सप्टेंबरचा सेल गेल्या वर्षीपेक्षा मायनस 27 टक्के दिसतोय, स्क्रिप्टची सुरुवात त्यानेच करू की आधी चांगले आकडे सांगू?

सुरुवात त्यानेच कर, वरचे लोक स्लाइडवर लाल आकडा बघून बसलेले असतात, तू गोडगोड बोलत राहिलास तर ऐकत कोणी नाही. पण सप्टेंबर एकटा वाचू नकोस रे. 2024 ला गणपती 7 सप्टेंबरला होते, 2025 ला 27 ऑगस्टला. म्हणजे चाकरमानी यायच्या आधी दुकानदार जो माल भरतात तो अख्खा ऑगस्टमध्ये सरकला. माझ्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात फरसाण-बिस्किटांचं सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानांना गेलेला माल, असं होतं: 2024 ला ऑगस्ट 34 लाख, सप्टेंबर 33, 2025 ला 42 आणि 24. दोन महिने मिळून 67 चे 66. मी सरळ एवढंच बोललो, "सप्टेंबर नऊ लाखांनी खाली, ऑगस्ट आठ लाखांनी वर, सण अकरा दिवस आधी आला. खरी घट एक लाखाची, ती चिपळूणची आहे." आणि थांबलो.

तो एक लाख गणपतीच्या नावावर खपवायचा मोह होतो, करू नकोस. पुढचा प्रश्न हमखास येतो, डिस्ट्रिब्युटरकडे स्टॉक किती दिवसांचा? माझ्या चिपळूणवाल्याकडे चाळीस दिवसांचा पडला होता (एरवी वीस), कारण जूनएंडला टार्गेटसाठी मीच त्याच्या गळ्यात मारलेला. प्रायमरी, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला केलेलं बिलिंग, बघितलं तर हे कळतच नाही, बिल फाटलं की सेल दिसतो. ते मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि ऑक्टोबरचं बिलिंग कमी धरा म्हटलं, साहेब वैतागले पण आकडा मान्य केला.