मदत हवी आहे: टॉकबॅकवर चॅट अ‍ॅपमधील फोटो जोडण्याचे बटण कसे ओळखावे?

सांजवेळ
नमस्कार. मी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. दोन वर्षांपूर्वी माझी दृष्टी पूर्ण गेली आणि तेव्हापासून मी अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर वापरतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संदेशाच्या चौकटीच्या उजवीकडे गेल्यावर "अटॅच, बटन" असे स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे तिथे फोटो पाठवण्याची मला अडचण नाही. गेल्या महिन्यापासून मात्र आमच्या कार्यालयाने अंतर्गत कामासाठी एक वेगळे चॅट अ‍ॅप सक्तीचे केले असून, रजेचे प्रमाणपत्र किंवा औषधांचे बिल यांचा फोटो त्यावरच पाठवावा लागतो. त्या अ‍ॅपमध्ये चौकटीच्या डावीकडे एक आणि उजवीकडे तीन बटणे आहेत आणि चारही ठिकाणी टॉकबॅक फक्त "अनलेबल्ड, बटन" एवढेच म्हणतो. अंदाजाने एक बटण दाबले, तर आवाजाचे रेकॉर्डिंग सुरू झाले आणि ते थांबवण्याच्या गडबडीत कार्यालयातील गोंगाट थेट विभागप्रमुखांना गेला. तेव्हापासून मी त्या ओळीला हातच लावत नाही; प्रत्येक वेळी शेजारच्या सहकाऱ्याला फोटो पाठवण्याची विनंती करतो, आणि माझी वैद्यकीय कागदपत्रे दुसऱ्याने पाहावीत हे मला मनापासून नको आहे. बटण न दाबता ते कोणते आहे हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

नदीकाठ
आयफोनवर हे फार सोपे आहे. व्हॉइसओव्हर चालू असताना त्या बटणावर दोन बोटांनी दोनदा टॅप करून दुसऱ्या टॅपला बोटे तशीच धरून ठेवली, की नाव लिहिण्याची चौकट उघडते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो जोडण्याचे अधिक चिन्हाचे बटण चौकटीच्या डावीकडे असते, उजवीकडे नाही. आपण बहुधा चुकीच्या बाजूला शोधत आहात.

सांजवेळ
नदीकाठ, आभारी आहे. परंतु माझा फोन अँड्रॉइड आहे आणि प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपचा नाही.

पाऊलखूण
मी गेली बारा वर्षे स्क्रीन रीडर वापरतो आणि अशा निनावी बटणांशी माझी रोज गाठ पडते. बटण ओळखण्यासाठी ते दाबून पाहण्याऐवजी त्याचे वागणे तपासावे.

संदेशाच्या चौकटीवर डबल टॅप करा आणि एकच अक्षर टाइप करा. आता चौकटीपासून एका बोटाने उजवीकडे स्वाइप करत बटणे मोजा. आपल्याकडे आधी तीन होती. बऱ्याच चॅट अ‍ॅपमध्ये मजकूर लिहायला लागताच कॅमेऱ्याचे बटण नाहीसे होते, माइकच्या जागी संदेश पाठवण्याचे बटण येते आणि जोडणीचे बटण मात्र जागेवर राहते. तेव्हा तिनाची दोन झाली, तर चौकटीला लागून असलेले पहिले बटण आपले असण्याची शक्यता खूप मोठी आहे. शेवटच्या बटणावर या वेळी डबल टॅप करू नका, नाहीतर ते एकटे अक्षर निघून जाईल.

खात्री झाल्यावर अक्षर पुसा आणि बोट न उचलता खाली व मग डावीकडे नेऊन मागे जाण्याची खूण करा, म्हणजे कीबोर्ड मिटेल. ही पायरी वगळू नका. कीबोर्ड उघडा असताना बटणांची ओळ वर सरकलेली असते आणि सवयीने पडद्याच्या तळाशी बोट नेले, तर तिथे अक्षरेच सापडतात. त्यानंतर चौकटीपासून उजवीकडे एकदा स्वाइप करा आणि डबल टॅप करा. बोट दाबून धरू नका, कारण काही अ‍ॅपमध्ये दाबून धरण्याने वेगळीच क्रिया होते.

आता काहीच ऐकू आले नाही, तरी ते बटण चालले नाही असे समजू नका. पुष्कळदा गॅलरी, कॅमेरा, डॉक्युमेंट असे पर्याय असलेला पट्टा उघडतो, पण टॉकबॅकचा फोकस जुन्या बटणावरच राहतो. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एक बोट सावकाश फिरवा. "गॅलरी" ऐकू आले, तर आपण योग्य जागी आहात. इमोजींची नावे ऐकू आली, तर मागे जाण्याची खूण करून बाहेर पडा; त्या पट्ट्यात चुकूनही डबल टॅप नको, कारण काही अ‍ॅपमध्ये स्टिकर निवडताच ते पाठवले जाते.

रानवाटा
एवढे कशाला? तीन बोटांनी टॅप करून टॉकबॅकचा मेनू उघडा, त्यात लेबल जोडण्याचा पर्याय आहे. एकदा नाव दिले की ते कायमचे राहते. कोणत्याही अ‍ॅपमध्ये चालते.

अंगणवेल
मी अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याचे काम करते. रानवाटा यांचा उपाय योग्य आहे, पण "कोणत्याही" आणि "कायमचे" हे दोन्ही शब्द खरे नाहीत. टॉकबॅक ते नाव त्या बटणाच्या अ‍ॅपमधील अंतर्गत ओळखीशी बांधून ठेवतो. बनवणाऱ्याने अशी ओळखच दिली नसेल, तर मेनूत तो पर्याय दिसणार नाही, आणि पुढच्या अपडेटमध्ये ती ओळख बदलली, तर आपण दिलेले नाव जाईल. नाव देताना "फोटो जोडा" एवढेच लिहावे. "बटन" हा शब्द टॉकबॅक स्वतःच उच्चारतो.

खरी चूक अ‍ॅपमध्ये आहे आणि ती एका ओळीने दुरुस्त होते. आपल्या संगणक विभागामार्फत ही ओळ जशीच्या तशी पुढे पाठवा:

```
android:contentDescription="@string/attach_photo"
```

सोबत "बटण वाचले जात नाही" एवढेच न लिहिता, संदेशाच्या चौकटीच्या डावीकडचे एक आणि उजवीकडची तीन बटणे निनावी आहेत, असे जागेसह लिहा. मोघम तक्रार आमच्याकडे आली, की ती शोधण्यातच वेळ जातो.

मायलेक
माझ्या वडिलांना दिसत नाही. त्यांना बटण सापडते, पण गॅलरीत गेल्यावर कोणता फोटो निवडावा हे कळत नाही. एकदा औषधाच्या बिलाऐवजी भिंतीचा फोटो गेला.

पाऊलखूण
मायलेक, वडिलांना फोटो काढल्या काढल्या पाठवायला सांगा. बहुतेक गॅलरींमध्ये सर्वांत नवा फोटो यादीत पहिला असतो आणि फोकस आल्यावर तारीख व वेळ वाचली जाते. वेळ आत्ताची असेल, तर फोटो तोच. जोडणीचे बटण सापडत नसेल, तेव्हाही फोटो आधी गॅलरीत उघडून तिथल्या "शेअर" बटणावरून चॅट अ‍ॅप निवडता येते. सांजवेळ, आपले अ‍ॅप त्या यादीत येते का, हेही पाहून ठेवा.

सांजवेळ
सर्वांचा ऋणी आहे. एक अक्षर टाइप केल्यावर खरोखरच तिनाची दोन बटणे झाली. पहिल्यावर डबल टॅप केले, काहीच ऐकू आले नाही, पण खाली बोट फिरवल्यावर "गॅलरी" सापडले. पहिल्याच वेळी फोटो पाहण्याची परवानगी मागणारी चौकट मध्ये आली. ती संमती देऊन बंद केल्यावर पट्टा मिटला होता, म्हणून बटण पुन्हा दाबावे लागले. आज दुपारी बिलाचा फोटो मी स्वतः पाठवला. त्या बटणाला नाव देण्याचा पर्यायही मेनूत मिळाला आणि आता तिथे "फोटो जोडा, बटन" असे ऐकू येते. डावीकडच्या बटणावर मात्र तो पर्याय दिसतच नाही. शेअरच्या यादीतही हे अ‍ॅप येत नाही. आणि अ‍ॅपच्या आतल्या फोटोंच्या यादीत तारीख न वाचता प्रत्येकावर केवळ "इमेज" असे म्हटले जाते; पहिला फोटो नवा असेल या भरवशावरच मी तो निवडला. या यादीवर कोणाला काही उपाय सापडला आहे का?

अंगणवेल
ती यादी अ‍ॅपने स्वतः बांधलेली दिसते, त्यामुळे आपल्या बाजूने तिथे नाव देऊन उपयोग नाही; प्रत्येक फोटोची ओळख एकच असते. तक्रारीत हा मुद्दा वेगळा लिहा. तोवर पाठवण्यापूर्वी मथळ्याची चौकट उघडते का आणि तिथे फाइलचे नाव वाचले जाते का, ते तपासून कळवाल का? कॅमेऱ्याने दिलेल्या नावात बहुधा तारीख असते.