मदत हवी आहे: परदेशातील शाखेसाठी आर्टिकल्स आणि संचालक मंडळाच्या ठरावाचे भाषांतर

चटईवाला_जळगाव
नमस्कार. आमची जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. युरोपात शाखा नोंदवण्यासाठी आम्ही कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे कारभाराची नियमावली, आणि संचालक मंडळाचा ठराव एका संस्थेकडून तिकडच्या भाषेत करून घेतला, त्या भाषांतरावर नोटरी केली आणि त्यावर अपोस्टिल हे परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणपत्रही घेतले. तरीही तिकडच्या वकिलांनी कागद परत पाठवले आहेत. भाषांतर ग्राह्य नाही, कंपनीचा व्यवसाय कोणता ते कागदांतून दिसत नाही आणि सही करण्याचा अधिकार कोणाला तेही कळत नाही, असे ते म्हणतात. व्यवसाय साऱ्या जळगावला माहीत आहे! पुढच्या महिन्यात माल जायचा आहे. जाणकारांनी लवकर सांगावे.

तापीकाठ
दादा, देश कोणता ते आधी सांगा. युरोप म्हणजे एक कचेरी नव्हे. कंपनी कोणत्या साली स्थापन झाली तेही लिहा.

धुळेकर_सीए
परकी कंपनी शाखा उघडते तेव्हा ३० दिवसांच्या आत एफसी-१ हा अर्ज कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. तो भरला आहे का?

तापीकाठ
साहेब, तो अर्ज परकी कंपनी भारतात येते तेव्हाचा. इथे आपली कंपनी बाहेर जाते आहे.

चटईवाला_जळगाव
देश पोलंड. कंपनी २०११ सालची. दोन संचालक आहेत, कंपनी सचिव नाही.

भुसावळ_निर्यात
भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे आणि पोलंडही आहे, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची गरज नाही. अपोस्टिल असलेले भाषांतर कुठल्याही कचेरीने घेतलेच पाहिजे. आम्ही आखाती देशात केळी पाठवतो तेव्हा इथलेच भाषांतर चालते. वकील पैसे काढण्यासाठी अडवत असतील, दुसरा वकील पाहा.

अनुवादिका_नाशिक
भुसावळकर भाऊंचे पहिले वाक्य बरोबर आहे, पुढचे नाही. अपोस्टिल फक्त नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगते. मजकुराचे भाषांतर बरोबर आहे की नाही, याची हमी ते देत नाही. पोलंडमधील नोंदणी न्यायालयाला तिथल्या न्याय मंत्रालयाच्या यादीतील शपथबद्ध अनुवादकाचे भाषांतर लागते. म्हणून चटईवाला यांच्या कामाचा क्रमच उलटा झाला आहे. आधी मूळ इंग्रजी कागदावर नोटरी, वाणिज्य मंडळाचे साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यायचे, आणि मग अपोस्टिलसह तो पूर्ण कागद तिकडच्या शपथबद्ध अनुवादकाकडे द्यायचा, म्हणजे अपोस्टिलचेही भाषांतर होते. आज तुमच्या हातात आहे ते नोंदणीसाठी निरुपयोगी आहे. फार तर अनुवादकाला संदर्भ म्हणून द्या.

खर्चाचा अंदाज घेताना एक ध्यानात ठेवा. तिथे शपथबद्ध भाषांतराचे एक पान म्हणजे मोकळ्या जागा धरून १,१२५ अक्षरे. आपल्या आर्टिकल्सचे दाट टंकलेले एक पान तिथे दोन-अडीच पाने होते. ‘सहाच पाने आहेत’ या हिशेबाने तारीख किंवा रक्कम ठरवू नका.

चटईवाला_जळगाव
ताई, भाषांतराचे समजले. पण व्यवसाय दिसत नाही म्हणजे काय? आर्टिकल्स पूर्ण दिले आहेत.

निवृत्त_कंपनी_सचिव
आर्टिकल्समध्ये तो दिसणारच नाही. आपल्या कायद्यात कंपनीची घटना दोन कागदांत वाटलेली असते. नाव, राज्य, उद्दिष्टे आणि भांडवल मेमोरँडममध्ये असते, तर कारभाराचे नियम आर्टिकल्समध्ये असतात. पोलंडमध्ये हे सारे सहसा एकाच दस्तऐवजात असते, म्हणून न्यायालय ‘कंपनीचा करार किंवा नियमावली’ मागते तेव्हा आपल्याला दोन्ही द्यावे लागतात. शिवाय तिथल्या कायद्याप्रमाणे शाखेला मूळ कंपनीच्या उद्दिष्टांच्या कक्षेतच व्यवसाय करता येतो, म्हणून उद्दिष्टांचे कलम तपासल्याविना ते पुढे जाणार नाहीत. आधी स्वतःच ते कलम वाचा. त्यात फक्त ‘चटया बनवणे’ असेल आणि शाखेला साठवण व घाऊक विक्री करायची असेल, तर अडचण तिथे उभी राहील.

आता एक प्रश्न. तुमच्या आर्टिकल्सच्या पहिल्या कलमात कायद्यातील नमुना नियमावलीचा, म्हणजे ‘टेबल ए’चा, उल्लेख आहे का?

चटईवाला_जळगाव
आहे. ‘१९५६ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील टेबल ए, खालील बदल वगळता, लागू राहील’ असे लिहिले आहे. पुढे पाचेक पाने आहेत.

निवृत्त_कंपनी_सचिव
मग सही करण्याच्या अधिकाराचा घोळ इथूनच सुरू होतो. बैठक, ठराव आणि संचालकांचे अधिकार यांचे बरेच नियम त्या टेबल ए मध्ये आहेत आणि ते तुमच्या पाच पानांत नाहीत. परदेशी न्यायाधीशासमोर एक अर्धवट नियमावली जाते, जी दुसऱ्याच कागदाकडे बोट दाखवते. टेबल ए सोबत जोडा आणि त्याचेही भाषांतर करून घ्या. किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४ खाली विशेष ठराव करून नवी संपूर्ण नियमावली स्वीकारा आणि ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे एमजीटी-१४ हा अर्ज भरा. महिन्याभरात माल जायचा असेल, तर मी पहिला मार्ग घेईन.

अनुवादिका_नाशिक
संपूर्ण टेबल ए कशाला, काका? संबंधित नियमांचाच उतारा द्यावा. पाने तिप्पट होतील.

निवृत्त_कंपनी_सचिव
उतारा कोणी निवडला, असा प्रश्न आला की पुन्हा तेच चक्र. माझे मत पूर्ण द्यावे असेच आहे. पण हे तिथल्या वकिलाला विचारून ठरवा. दोन्ही पद्धती मी पाहिल्या आहेत.

ठरावाविषयीही सांगतो. आपल्याकडे अधिकार मंडळाचा असतो, एकट्या संचालकाचा नाही. एकट्याला तो ठरावाने मिळतो. तिथे मात्र कोण आणि कसे, एकटा की दोघे मिळून, हे नोंदवहीतच लिहिलेले असते. तुमच्या ठरावात बहुधा ‘श्री. अमुक यांना आवश्यक ती सर्व कामे करण्यास अधिकृत करण्यात येत आहे’ एवढेच असेल. त्यातून न्यायालयाला काही कळत नाही.

चटईवाला_जळगाव
अगदी तसेच आहे. मग काय लिहायचे?

निवृत्त_कंपनी_सचिव
शाखा स्थापन करण्याचा निर्णय, तिचे नाव, शहर आणि व्यवसाय स्वतंत्र वाक्यांत लिहा. नावात कंपनीचे मूळ नाव, कंपनीच्या प्रकाराचा पोलिश पर्याय आणि शेवटी oddział w Polsce, म्हणजे ‘पोलंडमधील शाखा’, हे शब्द लागतात. मग शाखेत कंपनीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता द्या आणि ती एकटीने सही करू शकते असे स्पष्ट लिहा. वकिलाला अर्ज दाखल करण्याचा मुखत्यारपत्राचा अधिकार वेगळ्या परिच्छेदात द्या. गणपूर्तीसाठी दोन्ही संचालक हजर होते हे नोंदवा, आणि ज्याची नेमणूक झाली त्यानेच सत्यप्रत प्रमाणित करू नये, दुसऱ्याने करावी. आर्टिकल्समध्ये कंपनीच्या मोहरेचा उल्लेख असेल आणि तुम्ही ती वापरत नसाल, तर २०१५ पासून ती ऐच्छिक असल्याची एक ओळ वकिलाला कळवा. नाहीतर तोही प्रश्न येईल.

भुसावळ_निर्यात
पैसे कसे पाठवणार? सुरुवातीच्या खर्चासाठी मागच्या दोन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १५ टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्के, यांतील जे जास्त असेल ते पाठवता येते. बँकेलाही ठराव लागेल.

तापीकाठ
भाऊ, आधी शाखा तरी होऊ द्या.

अनुवादिका_नाशिक
आणखी एक. शपथबद्ध अनुवादकाला शिक्के आणि हाताने लिहिलेल्या नोंदीही भाषांतरात दाखवाव्या लागतात. तुमच्या नोटरीचा शिक्का मराठीत असेल, तर इंग्रजीवरून भाषांतर करणारा तिथे ‘दुसऱ्या भाषेतील मजकूर’ एवढेच लिहील. इंग्रजी शिक्क्याचा नोटरी शोधा.

चटईवाला_जळगाव
आमच्या नोटरीचा शिक्का मराठीच आहे. मेमोरँडम आणि आर्टिकल्सच्या संचालकाने प्रमाणित केलेल्या प्रती चालतील, की कंपनी निबंधकाकडूनच घ्याव्या लागतील?

तापीकाठ
निबंधकाकडूनच घ्या, तिथे वाद उरत नाही.

निवृत्त_कंपनी_सचिव
वेळ असेल तर हो. पण संचालकाच्या प्रतीवर नोटरी आणि अपोस्टिल घेऊन काम झालेलेही मी पाहिले आहे. वकिलाला आजच पत्र टाका, आणि त्यातच टेबल ए पूर्ण हवे की उतारा चालेल हेही विचारा. उत्तर येईपर्यंत बैठकीची नोटीस काढून ठेवा, कारण ठराव नव्याने करावाच लागणार आहे.