माल गेला, बिल पाच तारखेलाच?

भोसरीकर: चार सीएनसीचं शॉप. मटेरियल कस्टमरचं, आपली फक्त मजुरी. माल चलानावर जातो, बिल मात्र पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, सगळ्या लॉटचं एकत्र. मुलगा म्हणतो माल गेला की बिल काढा. खरंच फरक पडतो?

नाना_जॉबवर्क: शून्य. इन्स्पेक्शनला चार पीस रिजेक्ट झाले की क्रेडिट नोटा काढत बसा. आणि बिल उशिरा म्हणजे जीएसटीपण उशिरा भरायचा, फायदाच की.

टेबलापलीकडची: मी बारा वर्षं कस्टमरच्या अकाउंट्सला होते. आमचे ४५ दिवस बिल इनवर्ड झाल्यापासून सुरू व्हायचे आणि पेमेंट सुटायचं फक्त १० आणि २५ तारखेला. ३ जुलैचा लॉट घ्या. बिल ५ ऑगस्टला आलं, ४५ दिवस १९ सप्टेंबरला भरले, पैसे २५ सप्टेंबरला. माल जाऊन ८४ दिवस! तेच बिल ४ जुलैला आलं असतं तर २५ ऑगस्टला मोकळे.

नाना, जीएसटीचं म्हणाल तर जुलैच्या बिलाचा २० ऑगस्टला भरायचा, ऑगस्टच्या बिलाचा २० सप्टेंबरला. दोन्हीकडे पैसे यायच्या पाच दिवस आधीच. वर मजुरी म्हणजे सेवा, तिचं बिल ३० दिवसांत हवं. ३ जुलै ते ५ ऑगस्ट ३३ झाले. लॉट सुटा धरला तर त्याचा टॅक्स जुलैतच बसतो, व्याजासकट.

कलम१५: एमएसएमई कायद्यात ४५ दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. बिल कधी दिलं याला महत्त्व नाही.

टेबलापलीकडची: कायद्यात बरोबर. पण बिलच नसेल तर पेमेंटच्या यादीत तुमचं नाव येणार कुठून? आणि कायदा काढून भांडणार त्याच्याशीच, ज्याची पुढची ऑर्डर हवी आहे?

लग्नाचे_फोटो: माझ्याकडे तर अल्बम देऊन सहा महिने झाले, पार्टी फोनच घेत नाही.

नाना_जॉबवर्क: अहो, ती वसुली झाली. इथे बिलच निघालेलं नाही. बाई, तारखा मान्य, पण रिजेक्शनचं काय? आमच्याकडे क्यूसीचा शिक्का पडायलाच आठवडा जातो.

टेबलापलीकडची: मग शिक्का पडला की त्या दिवशी काढा, पाच तारखेची वाट कशाला? आमच्याकडे रिजेक्शनपेक्षा जास्त बिलं रेटवर अडायची. पीओत जुना रेट, बिलात नवा. अमेंडमेंट आल्याशिवाय पहिला पीस लावू नका.

भोसरीकर: आज टेम्पोचा डॅशबोर्ड उघडला. गेटचा शिक्का मारलेली सात चलानं तिथेच पडलेली, एक १९ दिवसांपूर्वीचं. ड्रायव्हरला सांगितलंय, शिक्का पडला की गेटवरूनच फोटो पाठव. पण एका कस्टमरचे अकाउंट्सवाले म्हणतात, महिन्याला एकच बिल घेऊ. त्यांचं काय करायचं?

नाना_जॉबवर्क: घ्या! तेच म्हणतोय मी.

टेबलापलीकडची: मग ते एक बिल ३१ तारखेचं काढा. बिल पाच दिवस तरी आधी पोचेल.