अनुभव धागा: उपचारासाठी मदतीचं आवाहन, आणि ज्यांना आपली कहाणी सांगता येत नाही ते

पेठेतली_अक्का (धागाकर्ती)

सोलापुरात असा व्हॉट्सअॅप ग्रुप नसेल, ज्यात 'मदतीचं आवाहन' येत नाही. लहान लेकराचा फोटो असला की रक्कम भराभर जमते. विडी वळणाऱ्या पन्नाशीच्या बाईचं आवाहन मात्र सकाळच्या सुविचारांखाली गाडलं जातं. तुम्ही असं आवाहन लिहिलं असेल, पैसे दिले असतील किंवा घरच्या माणसासाठी मागावे लागले असतील, तर लिहा. रुग्णाचं नाव, फोटो, खातं नंबर इथे नको.

मागावरचा_पुतण्या

काका अक्कलकोट रोडला पॉवरलूमवर कामाला. आधी पाय गेले, मग हात, मग श्वासाला त्रास. जीबीएस निघालं, नसांचा आजार. गळ्यात नळी घातल्यावर त्यांचं बोलणं बंद. काकू तेलुगू, मराठी बाजारापुरतं. त्यामुळं लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या साइटवरचं आवाहन मीच लिहिलं. तिथल्या माणसानं फोनवर विचारलं, पेशंटचं काही स्वप्न होतं का, मुलांना काय म्हणायचे? काय म्हणणार? माग चालवायचे, घरी येऊन जेवायचे, झोपायचे. मी तसंच लिहिलं तर म्हणे, "थोडं इमोशनल करा."

खरी अडचण कागदाची होती. रुग्णालयानं एका ओळीचं एस्टिमेट दिलं: आयसीयू उपचार, ९ लाख. ग्रुपवर लगेच प्रश्न, ९ लाख कशाचे बे? शेवटी तिथल्या एका सिस्टरनं कागदावर मांडून दिलं. काकांचं वजन ६० किलो. इम्युनोग्लोब्युलिन किलोला २ ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या, पाच दिवसांत विभागून. बाटलीला १८,००० धरले होते, म्हणजे ४,३२,००० नुसत्या औषधाचे. बाकी आयसीयू, व्हेंटिलेटर, तपासण्या. हा हिशोब टाकल्यावर अनोळखी लोकांनी पैसे पाठवायला सुरुवात केली. तोवर फक्त नातेवाईक आणि कारखान्यातले.

तरी एकूण जमले १ लाख ४० हजार. त्याच रुग्णालयातल्या हृदयाला छिद्र असलेल्या बाळाचं चार लाखांचं आवाहन भरलं. बाळावर माझा राग नाही. पण काकांचं औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं होतं, आणि आवाहन तर हळूहळूच भरतं. पहिल्या दिवसाच्या बाटल्या काकूच्या दागिन्यांवर आल्या.

बाळीवेस_५५

साइटवाले निम्मे पैसे खातात. म्हणून मी थेट खात्यावरच देतो.

हिशोबनीस

निम्मे नाही हो. देताना खाली 'टिप' म्हणून टक्केवारी आधीच निवडलेली असते. ती देणाऱ्याकडून वेगळी जाते आणि शून्य करता येते, फक्त ते बटण शोधावं लागतं. पण जाहिरातीचं मात्र खरं आहे. फेसबुकवर आवाहन फिरवून देतो आणि जमलेल्यातून खर्च कापतो, अशी सोय काही ठिकाणी असते. मग जाहिरात कुणाची फिरणार? ज्या चेहऱ्यावर लोक थांबतात त्याची. पुतण्याच्या काकांची नाही.

आणि थेट खात्यावर द्यायचंच तर रुग्णालयाच्या खात्यावर, रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहून द्या. भाच्याच्या खात्यावर नको.

होटगीरोड

कोणाला द्यायचे आहेत? क्यूआर टाका, ५०० पाठवतो.

पेठेतली_अक्का

दादा, हा मदतीचा धागा नाही, अनुभवांचा आहे. पण मन मोठं आहे तुमचं.

समाजसेवा_खिडकी

मी रुग्णालयात समाजसेवेचं काम करते, म्हणून जरा सविस्तर.

पुतण्या, तुम्ही सांगितलेल्या बाळाचं ऐकून वाईट वाटलं ते वेगळ्या कारणानं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयाच्या बऱ्याच जन्मजात दोषांची शस्त्रक्रिया राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होते. अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येणारं पथक त्याचंच. म्हणजे ज्या आवाहनाला सगळ्यात जास्त दाद मिळते, त्यातलं कितीतरी मुळात मागावंच लागू नये. आणि जिथं योजना अपुरी पडते, तिथं कहाणीत दम नसतो.

माझ्याकडे कुणी आलं की मी आधी विचारते, रुग्णालय महात्मा फुले योजनेत आहे का. (ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर होता.) मग ते धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते बघते. तसं असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि बिलांच्या दोन टक्क्यांचा वेगळा निधी असतो. तो मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. मग मुख्यमंत्री सहायता निधी. तिथले पैसे रुग्णालयाच्या खात्यात येतात, घरी सोडल्यावर परतावा मिळत नाही, म्हणून उत्पन्नाचा दाखला पहिल्याच दिवशी काढायला पळायचं. एवढं करून जो खड्डा उरतो, आवाहन तेवढ्याचंच. ९ लाखांपेक्षा 'उरलेले २ लाख १० हजार' यावर लोक विश्वास ठेवतात.

आणखी एक विचारायचं होतं. प्लाझ्मा बदलण्याचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता का? जीबीएसमध्ये तो जवळपास तितकाच उपयोगी मानतात, आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतो. मशीन हवं आणि रक्तदाब टिकायला हवा, सगळ्यांना चालत नाही.

मागावरचा_पुतण्या

नाही सांगितलं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, मॅडम. काका आता काठी घेऊन चालतात. कर्ज आहे.

विडीघरकुल_लेक

आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आई म्हणाली, आजाराचं नाव लिहायचं नाही, धाकटीचं लग्न व्हायचंय. आम्ही 'पोटाचा आजार' लिहिलं. लोक म्हणाले, पोटाच्या आजाराला एवढे पैसे? फोटोही तिनं काढू दिला नाही. काहीच जमलं नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी सिव्हिलमधून योजनेत रेडिएशन झालं, त्यामुळं निभावलं. पण जाणं-येणं आणि बुडालेली विड्यांची मजुरी कुठल्या योजनेत बसते?

बाळीवेस_५५

ताई, मनाला लागलं. पण मी देणारा म्हणून सांगतो, फोटो नाही, आजाराचं नाव नाही, तर मी कसं ओळखायचं? खोट्या एस्टिमेटवर वर्गणी गोळा केलेली आमच्याच भागात बघितली आहे.

समाजसेवा_खिडकी

काका, आईचा चेहरा बघून खरंखोटं कळतं का? एस्टिमेटवरच्या नंबरऐवजी रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधून बिलिंगला फोन लावा, नोंदणी क्रमांक सांगा, इतकी शिल्लक आहे का एवढंच विचारा. हो की नाही एवढं सांगतात.

हिशोबनीस

आमच्या कट्ट्यावर आम्ही दर महिन्याला ठराविक रक्कम काढतो आणि समाजसेवा विभागाच्या चिठ्ठीवर देतो. नाव नाही, फोटो नाही. फक्त आजार, उरलेली रक्कम, तारीख. ज्याचं आधी अडेल त्याला आधी. खरं सांगायचं तर त्यानंतर वर्गणी निम्म्यावर आली. लोकांना 'आपलं' बाळ हवं असतं. दोन सभासद सरळ म्हणाले, दारूनं लिव्हर गेलेल्याला आमचे पैसे नको. मी चिठ्ठीप्रमाणे दिले, ते दोघे बाहेर पडले. बरोबर केलं का, अजून भांडतो आम्ही.

कोंडीची_सून

माझ्या सासऱ्यांचा मेडिक्लेम नाकारला, त्याचं इथे विचारलं तर चालेल का?

पेठेतली_अक्का

वहिनी, त्याला वेगळा धागा काढा, मी येते तिथं. खिडकीताई, घरकुलच्या लेकीला मजुरीचं काही उत्तर आहे का?

समाजसेवा_खिडकी

बुडालेल्या मजुरीचं नाही. प्रवासाचं कधी एखाद्या देणगीदाराच्या पैशातून होतं, ते वॉर्डात येऊन विचारावं लागतं. नंबर इथे टाकत नाही. सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारा, केसपेपर आणि आईचं विडी कामगार कार्ड घेऊन.

विडीघरकुल_लेक

सोमवारी रेडिएशनची तपासणी आहे, तेव्हाच जाते. कार्डावर आईचं नाव चुकलेलं आहे, चालेल का?