मदत हवी आहे: शेगडीमागच्या टाइल्सच्या सांध्यांतला चिकट थर

टाइल्स ग्लेझ्ड सिरॅमिकच्या आहेत, सांध्यांत पांढरं सिमेंटचं ग्राउट, सीलर न लावलेलं. टाइल्स पुसल्या की लख्ख होतात, पण सांध्यांत तेल-धुळीचा तपकिरी थर राहतोच. नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो, खाली ग्राउट पिवळटच.

गरम पाण्यात भांड्यांचा साबण, मग खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि टूथब्रश, दोन्ही करून झालं. थर मऊ पडतो, पण पुरता सुटत नाही. व्हिनेगर नको, आम्लाने सिमेंट झिजतं. शेजारीच स्विचबोर्ड आहे, त्यामुळे वाफ किंवा भरपूर पाणीही नको.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडी पट्ट्या सांध्यांवर लावल्या तर थर सुटेल का? किती वेळ ठेवायच्या? आणि उरलेला पिवळेपणा म्हणजे आत मुरलेलं तेलच आहे का, हे सीलर लावण्याआधी कसं ओळखायचं?