सोलापुरात ४६ हजार हातात, पुण्यात किती हवेत?

चिंचोळीकर: वय ३४, चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. सीटीसी साडेसहा लाख, हातात ४६ हजार. बायको घरी ट्यूशन घेते, तिचे ९ हजार. जुळे सोलापुरात स्वतःचं घर, आईवडील सोबत, मुलगा दुसरीत. सगळं भागून महिन्याला १९ हजार उरतात. चाकणच्या कंपनीची ९ लाख ६० हजारांची ऑफर आहे. आईवडील इथेच राहणार. आत्ता जसं चाललंय तसंच पुण्यात चालायला किती पगार हवा?

हायवे६५: का बे, यात विचार काय करायचा? जवळजवळ पन्नास टक्के वाढ आहे. नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघ, पुणं सोलापूरपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास महाग दाखवतं. ४६ चे ६४ झाले की तू बरोबरीत. वरचे सगळे फायद्यात.

रेल्वेवाले काका: सरकारचं गणित तर याहून कमी आहे. केंद्राच्या यादीत सोलापूर वाय, पुणे एक्स. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या २० टक्क्यांवरून ३० वर जातो, बस. ४४,९०० बेसिकवाल्याला साडेचार हजारही वाढत नाहीत. तेवढ्यात लोक बदलीवर जाऊन संसार करतातच की. मीही केला.

जमाखर्च: काका, बदलीवर गेलेल्याला बऱ्याचदा रेल्वेचं क्वार्टर मिळतं, मग भाड्याचा प्रश्नच मिटतो. यांना चाकणची कंपनी क्वार्टर देणार नाही.

आणि हायवे६५, टक्के लावायचेच तर कशाला लावायचे ते आधी बघा. पूर्ण पगाराला एकच आकडा लावला की दोन गोष्टी चुकतात. गाडीचा हप्ता, विमा, मोबाईल हे खर्च शहर बदललं म्हणून वाढत नाहीत. उलट ज्याला सोलापुरात भाडं शून्य आहे, त्याच्या शून्याला चाळीस टक्के लावले तरी शून्यच येतं, पण पुण्यात मात्र भाडं द्यावं लागतं. असा सरसकट आकडा दोन्हीकडे भाड्याने राहणाऱ्याला थोडाफार लागू पडतो.

चिंचोळीकर, तुमचे आत्ताचे ३६ हजार कुठे जातात ते सांगाल का?

चिंचोळीकर: किराणा, भाजी, दूध मिळून ११ हजार, पाचजणांचं. लाईट-गॅस ३. शाळा साडेतीन. गाडीचा हप्ता, विमा, औषधं साडेदहा. पेट्रोल अडीच. कपडे, बाहेरचं खाणं, लग्नकार्याचा आहेर असं धरून साडेपाच.

जमाखर्च: आता पुणं. चाकणला कामाला असाल तर घर मोशी-चिखलीकडे बघाल. टू बीएचके मेंटेनन्ससह २० हजार धरतो. शाळा साडेसात. पेट्रोल तेवढंच, कंपनीची बस मिळाली तर कमीच. हप्ता-विमा-औषधं तेच साडेदहा. बाहेरचं साडेसहा.

लोक विसरतात ते पुढे आहे. आत्ता पाचजणांचा स्वयंपाक एका गॅसवर होतो. तुम्ही गेलात की एका घराची दोन घरं होतात. तिघांचा किराणा पुण्यात ९ हजार आणि आईवडिलांचा इथे साडेपाच, म्हणजे ११ चे साडेचौदा. लाईट-गॅस दोन्हीकडचं साडेचार. महिन्यातून एकदा सोलापूरला येणं-जाणं अडीच.

बेरीज साडेअडुसष्ट हजार.

आता ऑफर. बेसिक सीटीसीच्या निम्मं धरलं तर ९.६० लाखांतून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, तुमचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स जाऊन हातात ६८ हजारांच्या आसपास येतील. इन्कम टॅक्स नव्या पद्धतीत शून्यच, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत लागत नाही. तेव्हा भाड्याच्या पावत्यांवर सूट मिळवायच्या नादाला लागू नका, नव्या पद्धतीत ती नाहीच.

थोडक्यात ६८ येणार आणि साडेअडुसष्ट जाणार. आजचे १९ हजार गेले. ते राखायचे तर हातात साडेसत्त्याऐंशी हवेत. पीएफही तुमचीच बचत आहे आणि तो आजच्यापेक्षा महिन्याला पाचेक हजारांनी वाढेल, म्हणून तेवढी सूट देतो. तरी सीटीसी साडेअकरा ते पावणेबारा लाख लागते.

हायवे६५: पीएफ हिशेबात घ्यायचा तर सगळाच घ्या. आणि वहिनींची ट्यूशन शून्य का धरली? पुण्यात मुलं शिकत नाहीत काय?

जमाखर्च: शिकतात. पण इथे दहा वर्षांची ओळख आहे म्हणून पालक मुलं पाठवतात. नव्या सोसायटीत पहिले सहा महिने तरी शून्यच धरावे. पुढे ९ हजार पुन्हा सुरू झाले तर साडेदहा लाखांत भागेल, हे मान्य.

उमा_अशोकचौक: मी तीन मैत्रिणींसोबत हिंजवडीला राहते. माझा खर्च सगळा धरून १८ हजार. एवढं लागतं कशाला कळत नाही. मेस लावा की.

चिंचोळीकर: ताई, मुलगा आणि बायको मेसवर कसे राहतील? 😀

भाकरी_चटणी: मला वेगळंच विचारायचंय. "तसंच चालायला" म्हणजे नक्की काय? जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ड्रम भरून ठेवण्यात वहिनींची सकाळ जाते. पुण्यातल्या सोसायटीत तोटी फिरवली की पाणी. त्याचे पैसे कुणी धरले का? पगार तेवढाच उरला पाहिजे हा हट्ट कशाला?

जमाखर्च: पिंपरी-चिंचवडलाही महापालिकेचं पाणी दिवसाआडच आहे. सोसायटीची टाकी मोठी म्हणून जाणवत नाही, आणि उन्हाळ्यात टँकर आला की त्याचं बिल मेंटेनन्समध्ये दिसतं. पण तुमचा मुद्दा खोटा नाही. तसंच उलट बाजूने मुलाला शाळेतून आणायला आज आजोबा जातात. पुण्यात दोघंही बाहेर असतील तर पाळणाघर लागेल, ते मी धरलेलंच नाही.

रेल्वेवाले काका: आजोबांचे पण पैसे लावता की काय आता?

भाकरी_चटणी: लावायलाच पाहिजेत काका. नाहीतर ते फुकट आहे असं वाटतं.

हायवे६५: तुम्ही सगळे पहिल्या वर्षात अडकलात. चिंचोळीत क्वालिटीच्या माणसाला दुसरी नोकरी बघायची तर मोजक्या कंपन्या. चाकणला गेटबाहेर पडलं की दुसरा प्लांट. दोन वर्षांत पुढची उडी मारून हा तेरा-चौदावर जाईल. तोपर्यंत बचत शून्य झाली तर झाली. मी तसंच केलं, आज वाकडला राहतो.

जमाखर्च: तुम्ही एकटे गेला होतात की कुटुंबासह?

हायवे६५: एकटाच होतो तेव्हा.

जमाखर्च: फरक तिथेच आहे. उडीचं मी नाकारत नाही, पण दोन वर्षं शून्य बचत म्हणजे आजच्या हिशेबाने साडेचार लाख मागे. शिवाय जाताना डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं, सामानाचा टेम्पो. तेवढी शिल्लक असेल तर जावं. काही जण पहिलं वर्ष एकट्याने कॉट बेसिसवर काढतात, ट्यूशन आणि शाळा सोलापुरातच ठेवतात.

चिंचोळीकर: बायको म्हणते एक वर्ष तसं चालेल, आई म्हणते अजिबात नाही. ऑफर लेटर परत उघडलं. ९.६० मध्ये दहा टक्के व्हेरिएबल लिहिलंय.

जमाखर्च: मग दरमहा हातात ६१ च्या आसपासच येतील, बाकी वर्षाअखेरीस कंपनीच्या मर्जीने. एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा. व्हेरिएबल मागच्या दोन वर्षांत किती टक्के दिलं, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात की १५ हजारांच्या मर्यादेवर. मर्यादेवर असेल तर हातात पाचेक हजार वाढतील, पण पीएफमधली बचत तेवढीच घटेल. आणि मागणी साडेअकरा फिक्सची ठेवा, दहाच्या खाली तर येऊच नका.

हायवे६५: साडेअकरा मागितले तर ते दुसरा माणूस बघतील.

चिंचोळीकर: उद्या फोन करतो. आधी अकरा म्हणून बघतो.