मदत हवी आहे: ढोलकीच्या लूपचे तुकडे करताना ट्रान्झियंटच्या खुणा चुकतात

ठेकेबाज
नमस्कार. केरव्याचे एक आवर्तन घरी ढोलकीवर वाजवून घेतले आहे. चाटीजवळ एक आणि धुमाजवळ एक असे दोन माइक लावून ते एकाच स्टिरिओ फाइलमध्ये उतरवले असून धूम डाव्या चॅनलवर आणि चाट उजव्या चॅनलवर आहे. लय 96 ठेवली आहे आणि एका ठोक्यात दोन बोल बसतात. शेवटच्या बोलाच्या जागी मात्र तिरकिट वाजवले आहे. प्रत्येक बोल सुटा करून सॅम्पलरच्या पट्ट्यांवर बसवावा, असा बेत आहे. रीपरमधील `Dynamic split items` वापरले असता ‘धा’वर दोन खुणा पडतात आणि ‘गे’चा घिस्सा जिथे वर चढतो तिथे आणखी एक नको असलेली खूण येते. संवेदनशीलता कमी केली, तर या खुणा जातात खऱ्या, परंतु त्यांच्याबरोबर तिरकिटमधील ‘र’ आणि ‘कि’ यांच्याही खुणा नाहीशा होतात. शिवाय सुटा केलेला ‘गे’ वाजवला की सुरुवातीला ‘टिक्’ असा आवाज येतो. काय करावे?

सुरावट
लय बदलायची असेल, तर तुकडे करण्याची गरजच नाही. संपूर्ण लूप ताणून घ्यावा.

ठेकेबाज
लय बदलायची नाही. बोलांचा क्रम बदलून नवा ठेका बांधायचा आहे.

फेडर_वर
‘टिक्’ येण्याचे कारण सरळ आहे. लहर शून्याला छेदते तिथे काप घेतला गेला नाही. शून्यछेदावर काप घेण्याचा पर्याय चालू ठेवा, सर्व तुकडे स्वच्छ होतील.

मृदंगी
चाटीच्या बोलांना हा उपाय चालेल, धुमाला चालेलच असे नाही. धुमाचा नाद 80 हर्ट्झच्या आसपास धरला, तर लहर दर सव्वासहा मिलिसेकंदांनी शून्याला छेदते. म्हणजे काप तीन मिलिसेकंदांपर्यंत मागे-पुढे सरकू शकतो, आणि तो पुढे सरकला तर थापेचे तोंडच कापले जाते. त्यात ही फाइल स्टिरिओ आहे, आणि डावा चॅनल शून्यावर असताना उजवाही तिथेच असेल याची खात्री नसते. त्याऐवजी सर्व तुकडे निवडून एकाची डावी कड दोन मिलिसेकंद मागे ओढावी (सगळ्यांची एकदम सरकते) आणि तेवढ्याच जागेत फेड-इन द्यावा. थाप शाबूत राहते, ‘टिक्’ जाते.

आता खुणांविषयी. ‘धा’मध्ये दोन्ही हात अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, त्यामुळे यंत्राला तिथे दोन आघात दिसतात, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्या लयीत एक बोल 312 मिलिसेकंदांचा आहे आणि तिरकिटमधील प्रत्येक अक्षराला त्याचा चौथा भाग, म्हणजे सुमारे 78, मिळतो. म्हणून तुकड्याची किमान लांबी 60 ठेवावी आणि संवेदनशीलता पुन्हा वाढवावी. ‘धा’ची जोडखूण गळेल, तिरकिट टिकेल.

घिस्सा मात्र याने सुटणार नाही, कारण तो थापेनंतर बराच उशिरा चढतो. त्यासाठी आयटमची प्रत करून तिचा चॅनल मोड फक्त उजवा करावा, ती ग्लू करावी, मूळ आयटमबरोबर तिचा गट बांधावा आणि खुणा या प्रतीवरून शोधाव्यात. चाटीच्या माइकमध्ये घिस्सा क्षीण असतो. त्यात ‘गे’ही सुटण्याची शक्यता आहे, तसे झाले तर ती एक खूण हाताने द्यावी.

ठेकेबाज
करून पाहिले. किमान लांबी 60 आणि उजव्या चॅनलची प्रत, एवढ्याने ‘गे’ वगळता सर्व खुणा जागेवर आल्या. ‘टिक्’ही गेली. परंतु ‘गे’नंतरचा ‘ना’ एकटा वाजवला, तर त्याच्या तळाशी आधीच्या धुमाचा घुमारा ऐकू येतो.

मृदंगी
तो खुणेचा दोष नाही. ‘ना’ पडला तेव्हा ‘गे’ अजून घुमत होता, आणि तो घुमारा त्याच तुकड्यात आला आहे. ‘ना’च्या तुकड्यावर 180 हर्ट्झच्या खालचे सर्व कापून पाहावे. आवाज किंचित पोकळ होईल. मी स्वतः अशा वेळी सुटे ‘ना’ पुन्हा वाजवून घेतो, दोन बोलांमध्ये पूर्ण शांतता ठेवून.

पथकवाला
आमच्या ढोल-ताशा पथकाचे मिरवणुकीत फोनवर घेतलेले ध्वनिमुद्रण आहे. त्यातून ताशाचे सुटे ठोके असेच काढता येतील का?

मृदंगी
ढोलाचे मोकळे ठोके निघू शकतात. ताशाची तर्री कठीण आहे. फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करत असेल, तर मोठ्या ढोलामागचे ठोके दबतात आणि यंत्राला वर जाणारी धारच सापडत नाही. एखादा तुकडा ऐकल्याशिवाय अधिक सांगता येणार नाही.

फेडर_वर
180 जरा जास्त वाटते. ‘ना’चा गाभा वर असला, तरी पुडीचे अंग त्याखालीही असते. मी 120 वर थांबेन.

ठेकेबाज
दोन्ही ऐकून पाहिले. 120 वर घुमारा राहतो, 180 वर अंग जाते. घिस्सा आहे तो ‘गे’ ठेवून, त्याच्यापुढचा ‘ना’ तेवढा रविवारी पुन्हा वाजवून घेतो.